कार्डावरची चूक कुणाची?

आमच्या भागात आयुष्मान कार्डाची शिबिरं झाली की दुसऱ्या दिवशी फोटो फिरतात. फलक, हार, हातात कार्ड धरून उभी केलेली म्हातारी माणसं. फोटोत कार्ड दिसतं, कार्डावरचं नाव दिसत नाही. ते नाव पहिल्यांदा नीट वाचलं जातं तेव्हा घरातलं कुणीतरी चंद्रपूरच्या किंवा नागपूरच्या दवाखान्यात खाटेवर असतं आणि खिडकीवरचा माणूस म्हणतो, 'नाव जुळत नाही, आधी दुरुस्त करून आणा.' वर एक टोमणाही असतो : 'तुम्हा लोकांना स्वतःचं नावसुद्धा नीट सांगता येत नाही.'

आमचा वाद या टोमण्याशी आहे. कार्डावर जे छापून येतं ते त्या माणसाने लिहिलेलं नसतं. ते तीन सरकारी याद्या एकमेकांवर ठेवून तयार होतं आणि तिन्ही याद्या वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या लोकांनी, बहुतेक वेळा घरच्यांना न दाखवता लिहिल्या आहेत. चूक व्यवस्थेने करायची आणि ती सुधारण्यासाठी रोजी बुडवून हेलपाटे मात्र मजुराने मारायचे, हा न्याय आम्हाला मान्य नाही. पण मान्य नाही म्हणून भागत नाही. चूक कुठे शिरते हे आपल्या कार्यकर्त्यांना माहीत नसेल, तर आपण फार तर दवाखान्यात आरडाओरडा करू, रुग्णाचं काम होणार नाही.

पहिली यादी २०११ च्या सामाजिक, आर्थिक आणि जात सर्वेक्षणाची. २०१८ साली २३ सप्टेंबरला केंद्राची जनआरोग्य योजना सुरू झाली ती या यादीच्या आधारे. ग्रामीण भागात कुणाला घ्यायचं याचे निकष ठरलेले होते : एकाच कच्च्या खोलीचं घर, कमावत्या वयाचा माणूस नसलेलं घर, कमावता पुरुष नसलेलं बाईच्या आधाराचं घर, अपंग माणूस असून धडधाकट कुणी नसलेलं घर, अनुसूचित जाती-जमातीचं घर, भूमिहीन मजुराचं घर. दुचाकी, फ्रीज अशा कारणांनी आधीच वगळलेली घरं सोडून बाकीच्या घरांना यांतला एखादा निकष लागू झाला तरी पुरे. गडचिरोलीतल्या माडिया गोंडांसारख्या आदिम जमाती तर थेट आत. म्हणजे आपल्या बहुसंख्य घरांची नावं त्या यादीत आली ती कुणा आमदाराच्या कृपेने नाही. सरकारनेच मोजलेल्या वंचिततेच्या हिशोबाने आली.

इथे एक गोष्ट आपल्या वाचकांनी विशेष लक्षात घ्यावी. १९५६ साली नागपूरनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी चंद्रपुरात दीक्षा दिली. त्या जिल्ह्यात प्रगणक दारात आला तेव्हा 'आम्ही बौद्ध, आम्हाला जात नाही' असं स्वाभिमानाने सांगणारी घरं असणारच. १९९० पासून बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती कायद्याने मिळतात. पण त्या सर्वेक्षणाच्या फॉर्मवर 'अनुसूचित जाती' आणि 'जात नाही' हे दोन वेगळे रकाने होते. दुसऱ्या रकान्यात खूण झालेल्या घराला जातीचा निकष लागत नाही. ते घर भूमिहीन मजुराचं असेल तर त्या निकषावर आत येईल, नाहीतर बाहेर. शेजारच्या दोन घरांची परिस्थिती सारखीच असून एकाचं नाव यादीत आणि दुसऱ्याचं नाही, याची जी कारणं शोधावी लागतात त्यातलं हे एक.

दुसरी यादी रेशन कार्डाची. महाराष्ट्रात विम्याची योजना केंद्राच्या आधीची आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि त्या आठांत गडचिरोली होता. चंद्रपूरसह उरलेल्या जिल्ह्यांना २१ नोव्हेंबर २०१३ पर्यंत थांबावं लागलं. पुढे तिला महात्मा जोतिबा फुले यांचं नाव दिलं गेलं, २०२० मध्ये ती केंद्राच्या योजनेला जोडली गेली आणि २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांचं संरक्षण राज्यातल्या सर्वच रेशन कार्डधारकांना लागू करायचं ठरलं. म्हणून २०११ च्या यादीत नसलेलं घरही आज रेशन कार्डाच्या बळावर आत येतं.

तिसरी यादी आधारची. आणि या तिन्हींची टक्कर होते ती कार्ड बनवणाऱ्याच्या पडद्यावर. `beneficiary.nha.gov.in` या संकेतस्थळावर किंवा आयुष्मान अॅपवर मोबाइल नंबर टाकून कुणालाही आत जाता येतं. राज्य, योजना, जिल्हा निवडून आधार नंबराने किंवा कुटुंबाच्या क्रमांकाने शोधलं की घराची माणसं ओळीने दिसतात. ज्याचं कार्ड काढायचं त्याच्या ओळीवर बोट ठेवायचं, आधारची ओळख पटवायची. ती चार प्रकारे पटते : मोबाइलवर येणारा ओटीपी, अंगठा, डोळा किंवा चेहरा. ओळख पटली की यादीतला तपशील आणि आधारचा तपशील समोरासमोर येतो, यंत्र दोन्ही किती जुळतात ते ठरवतं, तिथल्या तिथे फोटो काढला जातो. चांगलं जुळलं तर कार्ड लवकर मंजूर होतं. कमी जुळलं तर ते `Pending` मध्ये जाऊन मंजुरी देणाऱ्या माणसाची वाट पाहतं.

आता पाहा. यादीत `MESHRAM RAMESH BHAURAV` आहे, आधारवर `Ramesh Bhaurao Meshram`. आपल्याला एकच माणूस दिसतो. यंत्राला आडनाव पुढे आलेलं आणि वडिलांच्या नावात अक्षर बदललेलं दिसतं. मराठी नाव इंग्रजी अक्षरांत कसं लिहायचं याचा एक नियम कधीच नव्हता. ज्याने लिहिलं त्याच्या कानावर आणि घाईवर ते ठरलं. माडिया नावांचे हाल तर विचारू नका. भाषा न समजणाऱ्या माणसाने एकदा ऐकून लिहिलेलं नाव जन्मभर अंगावर वागवावं लागतं.

आता एक नमुन्याचं घर घेऊ. सिंदेवाही तालुक्यातलं समजा. २०११ च्या यादीत चार माणसं : आजोबा, आजी, मुलगा आणि तेव्हा लग्न न झालेली मुलगी. आज आजोबा नाहीत. मुलगी लग्न होऊन गडचिरोली तालुक्यात गेली. घरात सून आली, दोन मुलं झाली. म्हणजे यादीतली दोन माणसं घरात नाहीत आणि घरातली तीन माणसं यादीत नाहीत. शिबिरात रांग मोठी, नेटवर्क जातं-येतं, केंद्रचालकाला दिवसाचा आकडा गाठायचा. तो सुनेला विचारतो, 'नाव सापडत नाही, या घरात बाईचं एक नाव रिकामं आहे, त्यावर टाकू का?' आणि नणंदेच्या ओळीवर सुनेचं आधार चढवतो. कार्ड निघतं. फोटो सुनेचा, नाव सुनेचं, घर खूश. सहा महिन्यांनी गडचिरोलीत नणंद बाळंतपणानंतरच्या आजारासाठी कार्ड काढायला जाते तेव्हा पडद्यावर तिच्या ओळीवर आधीच कार्ड काढलेलं दिसतं. तिचा हक्क वहिनीने खाल्ला असं नात्यात बोललं जातं. दोघीही निर्दोष.

हे घर दुरुस्त कसं करायचं? आमच्या अनुभवात बहुतेकांचा पाय इथेच घसरतो, कारण सगळ्या चुकांवर एकच औषध मारलं जातं : 'पुन्हा केवायसी करा.' संकेतस्थळावर `Redo e-KYC` नावाचा पर्याय आहे आणि तो उपयोगी आहे, पण तो एकच काम करतो. आधारवर आज जे आहे ते उचलून कार्डावर आणतो. म्हणून आधी कार्ड आणि आधार शेजारी ठेवून वाचा. आधार बरोबर आणि कार्डावर जुनं नाव, जुना फोटो असेल तर `Redo e-KYC` ने काम होतं. कार्ड आणि आधार दोन्हींवर सारखीच चूक असेल तर तो पर्याय शंभर वेळा दाबला तरी तीच चूक परत येणार. आधी आधार केंद्रावर जाऊन आधार सुधारायचं, ते अद्ययावत झाल्याचं पाहायचं आणि मग कार्डाकडे यायचं. आणि कार्ड-आधार अक्षरशः जुळतात, पण ओळच दुसऱ्या माणसाची आहे, म्हणजे आपल्या सुनेसारखा प्रकार असेल, तर घरी बसून दाबायचं कुठलंच बटण कामाचं नाही. ते कार्ड रद्द करणं राज्याच्या आरोग्य हमी सोसायटीच्या हातात असतं. त्यासाठी योजनेच्या जिल्हा समन्वयकाकडे लेखी अर्ज द्यायचा : कुणाच्या ओळीवर कुणाचं आधार लागलं, दोघींचे कार्ड किंवा कुटुंब क्रमांक, दोघींची आधारची प्रत, नणंदेच्या लग्नाचा पुरावा. अर्जाची पोच घेतल्याशिवाय तिथून उठायचं नाही. सोबत `cgrms.pmjay.gov.in` वर तक्रार नोंदवायची किंवा १४५५५ वर फोन करायचा आणि तक्रारीचा क्रमांक त्या पोचेवरच लिहून ठेवायचा. कागद हरवतात, म्हणून.

कार्ड रद्द झालं की नणंदेची ओळ मोकळी होते. सुनेला आणि मुलांना मात्र रीतसर दारातून आत आणावं लागतं, आणि ते दार रेशन कार्ड आहे. माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आणायचा, तहसीलच्या पुरवठा शाखेत सासरच्या कार्डात नाव चढवायचं, मुलांचे जन्मदाखले आणि आधार जोडायचे. आजोबांचं नाव मृत्यूदाखल्यावर कमी करायचं. हे होईपर्यंत आयुष्मान कार्डाच्या मागे धावण्यात अर्थ नाही. आपला क्रम आधार, मग रेशन, मग कार्ड असाच ठेवा; उलटा केला तर प्रत्येक टप्प्यावर मागे यावं लागतं. केंद्राच्या योजनेत कुटुंबात किती माणसं असावीत यावर मर्यादा नाही, वयाची अट नाही. त्यामुळे 'पाचच नावं बसतात' असं कुणी सांगत असेल तर त्याला नियम दाखवायला सांगा.

जाता जाता : सुनेने आधारवर माहेरचं नाव ठेवलं असेल तर ती चूक नाही. दुरुस्तीच्या नावाखाली तिचं आडनाव बदलायला लावणारे केंद्रचालक आम्ही पाहिले आहेत. रेशन आणि आधार या दोन्ही ठिकाणी तेच नाव असलं की पुरे. शिवाय आधारवर नाव जन्मात दोनदाच बदलता येतं. जन्मतारीख आणि लिंग एकदाच. हा आकडा लक्षात ठेवूनच केंद्रावर जा, कारण घाईत केलेली एक चुकीची दुरुस्ती पुढची वाट बंद करते.

जन्मतारखेचं तर आपल्याकडे मोठंच प्रकरण आहे. आजीच्या आधारवर १ जानेवारी १९६० असतं, कारण विचारणाऱ्याने अंदाजाने टाकलं. गावात सगळ्यांना माहीत असतं की ती त्याहून दहा वर्षांनी मोठी आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न न बघता, वय वंदना कार्ड मिळतं आणि घर आधीच योजनेत असेल तर म्हाताऱ्या माणसांसाठी ५ लाखांचं वेगळं संरक्षण मिळतं. वय मात्र आधारवरचंच धरलं जातं. म्हणजे अंदाजाने टाकलेल्या एका तारखेने आजीचा हक्क कित्येक वर्षं लांबतो. जुना शाळेचा दाखला असेल तर एकच संधी आहे, ती वापरा. दाखला नसलेल्या बाईचं काय, याचं उत्तर सरकारने द्यायला हवं. जिच्या जन्माची नोंद कुणी केली नाही तिच्याकडेच जन्माचा पुरावा मागितला जातो.

आमचेच काही साथी यावर नाक मुरडतात. ते म्हणतात, विमा म्हणजे सरकारी पैसा खासगी दवाखान्यांकडे वळवायची युक्ती. आपण सरकारी दवाखान्यासाठी लढायचं सोडून कार्डांच्या भानगडीत का पडायचं? त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. भामरागडच्या ग्रामीण रुग्णालयात सर्जन नसेल तर ५ लाखांचं कार्ड तिथे काय कामाचं? पण निष्कर्ष चुकीचा आहे. बाबासाहेब मजूरमंत्री असताना, १९४३ साली, कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचं काम प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे सोपवलं गेलं, १९४४ ला अहवाल आला आणि त्याच वाटेने १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. त्यात कामगाराला नावानिशी, नोंदणी क्रमांकासह हक्क होता. तेंदूपत्ता तोडणारी, बांबू कापणारी, रोवणीला जाणारी माणसं त्या कायद्याच्या बाहेरच राहिली. आज त्यांच्या नावाने एक नोंद झाली आहे, तर ती नोंद बरोबर असावी एवढं बघणं हे दवाखान्यासाठीच्या लढ्याच्या आड येत नाही. ज्याच्या घरात आज कुणी आजारी आहे त्याला आपण काय सांगणार, आधी धोरण बदलू दे?

अंतराचा मुद्दा तर आणखी सरळ आहे. भामरागडहून गडचिरोलीला जायला पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास रस्ता तुडवावा लागतो आणि पावसाळ्यात पर्लकोटा फुगली की तोही बंद होतो. सिरोंचाची माणसं दवाखान्यासाठी नदी ओलांडून तेलंगणात जातात, कोरचीकडची छत्तीसगडात. केंद्राच्या यादीतल्या कुटुंबाचं कार्ड दुसऱ्या राज्यातल्या संलग्न दवाखान्यातही चालतं. फक्त राज्याच्या योजनेत असलेल्या घराने ते गृहीत धरू नये. म्हणून सीमेवरच्या गावांत आपण पहिल्यांदा हे तपासायला हवं की घर २०११ च्या यादीतून आलं आहे की रेशन कार्डावरून. तिथे नावातली चूक महागात पडते, कारण परराज्यातल्या खिडकीवर मराठी नावाचं अक्षर समजून घेणारं कुणी नसतं.

आणि वेळ. तेंदू हंगामात आणि रोवणीत शिबिर लावलं तर घरात फक्त म्हातारे भेटणार. त्याच दिवसांत बायांचे अंगठे इतके घासलेले असतात की यंत्रावर उमटत नाहीत. अशा वेळी केंद्रचालक 'होत नाही' म्हणून परत पाठवतो. त्याला डोळ्याने किंवा चेहऱ्याने ओळख पटवायला सांगा, ती सोय त्याच्याकडेच आहे. आधारला जोडलेला मोबाइल नंबर हरवला असेल, तर तो आधी आधार केंद्रावर बदलून घ्या, नाहीतर ओटीपी कुणा दुसऱ्याच्याच हातात जाईल. कार्ड काढण्याचे पैसे लागत नाहीत. मागितले तर पावती मागा, बहुतेक ठिकाणी मागणी तिथेच विरते.

आमची मागणी साधी आहे. ३० एप्रिल २०१८ ला देशभरच्या ग्रामसभांत या योजनेची यादी नेऊन रेशन आणि मोबाइल नंबर गोळा केले गेले. म्हणजे यादी ग्रामसभेत वाचता येते हे सरकारला ठाऊक आहे. मग आज ती पुन्हा वाचा, प्रत्येक टोल्यात, मृत नाव वगळून, सून-लेकरं धरून, आणि आधार दुरुस्तीचं यंत्र त्याच दिवशी तिथे आणा. शिबिराचा आकडा किती कार्डं वाटली यावर मोजायचा नाही, किती चुका सुधारल्या यावर मोजा. आपल्या शाखांनीही जयंतीच्या मंडपात एक टेबल याच कामाचं लावावं. त्याला दोन पोरं, एक चांगला फोन आणि एक वही लागते. वहीत प्रत्येक घराचं कार्ड, आधार आणि रेशन तिन्ही वाचून चूक कुठल्या प्रकारची ते लिहायचं. एका दिवसात पन्नास घरं झाली नाहीत तरी चालेल, वीस घरं नीट व्हावीत.

दुरुस्ती चालू असताना कुणी आजारी पडलं, तर थांबू नका. महाराष्ट्रात वैध रेशन कार्ड आणि फोटोचं ओळखपत्र यावर योजनेतला उपचार मिळतो. संलग्न दवाखान्यात आरोग्यमित्र नेमलेला असतो, आधी त्याच्याकडे जा. आणीबाणीचा रुग्ण असेल तर फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करायची तरतूद आहे, कागद मागून देता येतात. आरोग्यमित्र टाळाटाळ करत असेल तर तिथेच उभं राहून १५५३८८ लावा आणि फोनवर दवाखान्याचं नाव, रुग्णाचं नाव आणि नकार देणाऱ्याचं पद सांगा.